मावशीनं लिहून दिलेली जेवणं

लग्न होऊन महिना होत आला, तरी संध्याच्या घरात रात्रीचं जेवण हा रोजचा पेच होता.

अंबडच्या कोर्टात ती कनिष्ठ लिपिक होती. दिवसभर फायली, तारखा, पक्षकारांच्या हाका. सुटायला सहा वाजून जायचे. मिथुन जालन्याला एका बियाण्यांच्या कंपनीत होता, बियाण्यांची उगवण तपासायच्या कामावर. तो रोज एसटीनं जाऊन येऊन करायचा आणि अंबडच्या स्टँडवर उतरेपर्यंत अंधार पडलेला असायचा. भाड्याच्या दोन खोल्या, छोटी गॅसची शेगडी आणि दोन भुकेली माणसं. सात वाजता संध्या ओट्यासमोर उभी राहायची आणि तिला काही सुचायचंच नाही. वांगी असली तर तेल संपलेलं, डाळ भिजवायची तर सकाळी लक्षात नाही. शेवटी मिथुन पुन्हा स्टँडवर जाऊन वडापाव आणायचा.

तिला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. पोळ्या यायच्या, भाजी यायची. पण रोज संध्याकाळी आज काय करायचं हे ठरवणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. आई ती चार वर्षांची असताना गेली. वडिलांनी वाळूजला दुसरा संसार केला. संध्याला वडीगोद्रीच्या मावशीनं वाढवलं. गिरिजाबाई अंगणवाडी सेविका होती. तिचा नवरा लवकर गेला होता आणि मूलबाळ नव्हतं. "तू अभ्यास कर, चुलीचं मी बघते," हे तिचं वाक्य संध्याच्या दहावीपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत चाललं. ताट समोर यायचं. ते आज का आलं, उद्या काय येईल, हा विचार मावशीच्या डोक्यात असायचा.

एका गुरुवारी वडापावचा कागद उघडताना मिथुन म्हणाला, "आपण आता हेच खायचं का रोज? पोटात आग पडून राह्यली."

"मंग तुम्ही करा," संध्या म्हणाली.

तो खरंच उठला. त्यानं भात लावला, पाणी कमी पडलं, कुकरच्या तळाला काळा थर बसला. दोघांनी मिळून तो घासला. भांडण असं झालं नाही. त्या रात्री संध्यानं मावशीला फोन लावला आणि आधी नुसतीच रडली.

"मारलं का त्यानं?" मावशीनं विचारलं.

"न्हाई गं. भात करपला."

मावशी बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "रडू नको. लिहून देते."

आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ते आलंही. गावातला पुंजाराम कोर्टात तारखेला आला होता. संध्याच्या टेबलावर त्यानं एक पिशवी ठेवली. आत ताजं ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, मटकी आणि पिठानं पांढरे झालेले घडी घातलेले कागद. दुपारच्या सुट्टीत तिनं ते उघडले. मावशीचं अक्षर अंगणवाडीच्या रजिस्टरातल्यासारखं, उभं आणि मोठं.

"प्रिय संध्या, जयभीम.

दोन आठवड्यांचं लिव्हलंय. सोमवार ते शुक्रवार, फक्त रात्रीचं. शनिवार-रविवार तुमचं तुम्ही बघा, मला विचारू नका. एवढं एकदा करून बघ, मंग तुझं तुलाच सुचत जाईल.

सोमवारी खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी. फोडणी कुकरातच दे. तीन शिट्ट्या. सोमवारी माणूस थकलेलं नसतं पण आळसावलेलं असतं, म्हणून खिचडी.

मंगळवारी वरण-भात आणि वांग्याचं भरीत नाहीतर मेथी, जे मिळंल ते. तुरीची डाळ मात्र दुप्पट शिजव. अर्धी बाजूला काढून ठेव, तिला फोडणी देऊ नको.

बुधवारी त्याच डाळीची वरणफळं. डाळीत पाणी घालून पातळ कर, चिंच-गूळ, तिखट, फोडणी. चांगली खळखळ उकळू दे. कणीक घट्ट भिजव, पोळी लाट, सुरीनं शंकरपाळ्यासारखी कापून एक एक सोड. एकदम ओतू नको, गोळा होतो. पोळ्या नको, भात नको, एकाच भांड्यात जेवण.

गुरुवारी पिठलं-भाकर. बेसन आधी गार पाण्यात कालवून घे, मंग फोडणीच्या पाण्यात सोड आणि हात थांबवू नको. भाकर मोडली तर मोडू दे. भाकर बाईची परीक्षा असते असं कोणी म्हणलं तर त्याला थापायला लाव.

शुक्रवारी धपाटे आणि दही. आठवड्यात जे पीठ उरलंय ते सगळं एकत्र कर. ज्वारी जास्त, गहू-बेसन थोडं, लसूण, मिरची, तीळ. ओल्या फडक्यावर थाप."

दुसऱ्या आठवड्याचं दुसऱ्या कागदावर होतं. सोमवारी मटकीची उसळ, त्यासाठी शनिवारी रात्री मटकी भिजत घालायची आणि रविवारी सकाळी फडक्यात बांधायची. मंगळवारी मेथीची पातळ भाजी. बुधवारी दाण्याची आमटी आणि भात. गुरुवारी अंड्याचा रस्सा, आणि त्यापुढं कंसात, "अंडी मिथुनरावांनी सोलायची." शुक्रवारी उरलेल्या भाकरीचा फोडणी घालून कुस्करा आणि ताक. शेवटी लिहिलं होतं, "उरलं तर लाजू नको. उरलेल्यातूनच दुसऱ्या दिवसाचं अर्धं काम होतं. एवढं कळलं की संसार जमला."

मिथुननं ते कागद दोनदा वाचले आणि ओट्याच्या वर पीठ लावून भिंतीला चिकटवले.

पहिला आठवडा बरा गेला. सोमवारची खिचडी जमली. बुधवारी वरणफळांची कणीक सैल झाली, अर्धी फळं डाळीत विरघळली, पण चव बराबर आली. मिथुननं बोटानं ताट पुसलं. गुरुवारी संध्याच्या पहिल्या दोन भाकरी तव्यावर टाकतानाच तुटल्या. तिसरी मिथुननं थापली, ती महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, पण टम्म फुगली. दोघं ती धरून हसत राहिले.

रोज जेवण झालं की ती मावशीला फोन करायची. काय चुकलं, काय जमलं ते सांगायची. मावशी उत्तरं द्यायची. कणकेत मीठ टाकलं का, डाळ घोटून घेतली होती का. शेवटी संध्या विचारायची, "तू जेवलीस?"

"जेवले की."

"काय केलंस?"

"तुझ्यासारखंच. पिठलं टाकलं होतं."

बुधवारी मावशीनं वरणफळं सांगितली होती, गुरुवारी पिठलं. शुक्रवारी संध्यानं विचारलं तर मावशी म्हणाली, "धपाटे केले बाई, दह्यासोबत." संध्याला बरं वाटलं. इकडं अंबडला आणि तिकडं वडीगोद्रीला एकाच वेळी एकच जेवण. तिनं मिथुनला हे सांगितलंही.

त्याच शुक्रवारी तिसरा धपाटा तव्यावर असताना गॅस संपला. त्यांचं कनेक्शन अजून आलं नव्हतं. लहान सिलिंडरवर चाललं होतं आणि तो आता रिकामा झाला.

"माझ्याकडं भरलेला पडून हाय," मावशी फोनवर म्हणाली. "उद्या सुट्टी ना तुम्हाला? या आणि घेऊन जा. जल्दी या, दुपारचा चहा इथंच घ्या."

दुसरा शनिवार होता. मिथुननं मित्राची मोटारसायकल मागून आणली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या ट्रॅक्टरची रांग, मधे कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीचं पिवळं. डिसेंबरचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. वडीगोद्रीच्या फाट्यावरची दुकानं ओलांडून ते मागच्या प्लॉटांच्या ओळीत वळले. तिथं मावशीनं नोकरीत असतानाच दोन खोल्या बांधल्या होत्या.

मावशी दारातच उभी होती. संध्यानं तिला लग्नानंतर आज पहिल्यांदा पाहिलं. ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या, गळ्याची हाडं वर आली होती.

"बारीक झालीस."

"लग्नाची दगदग," मावशी म्हणाली. "बसा. मी दूध घेऊन येते, ताजं." आणि ती किटली घेऊन बाहेर पडली.

भरलेला सिलिंडर कोपऱ्यात होता. तो उचलण्याआधी मिथुन वाकून ओट्याखाली गेला.

"काय करताय?" संध्यानं विचारलं.

"हा चालूचा किती उरलाय बघतो. आपण दुसरा नेला आणि हा उद्याच संपला तर मावशींची पंचाईत." त्यानं सिलिंडर तिरपा करून पाहिला. मग दोन्ही हातांनी उचलला आणि परत खाली ठेवला. "संध्या, हा कधी लावलाय?"

"माझ्या हळदीला जुना संपला. मीच लावलाय हा."

"हा भरलेलाच हाय. इकडं ये, उचलून बघ."

तिनं उचलून बघायचा प्रयत्न केला. कोपऱ्यातला आणि हा, दोघांत फरकच कळेना. ती तशीच खाली बसली. मग उठून तिनं डबे उघडले. कणकेच्या डब्यात जाळ्या धरल्या होत्या. बेसनाची पुडी बंदच होती, लग्नाच्या सामानातली. पोळ्यांच्या डब्यात टोस्ट होते आणि वर कागदात बांधलेली थोडी खारी. तवा इतका कोरडा होता की त्यावर बोटाला धूळ आली.

मावशी दूध घेऊन आली तेव्हा तो तवा संध्याच्या हातात होता.

"धपाटे कशावर केलेस?"

मावशीनं किटली ओट्यावर ठेवली.

"पिठलं कशात केलंस? बेसनाची पुडी फोडली न्हाईस तू. मावशी, महिनाभर तू काय खाऊन राह्यली?"

"चहा घेते. टोस्ट खाते. दुपारी कधी मुरमुरे भिजवते. मला काय झालंय? ठणठणीत हाय."

"मंग रोज खोटं कशाला बोललीस?"

"तुझा घास खाली उतरावा म्हणून." मावशी चिडून म्हणाली आणि मग तिचा आवाज खाली आला. "एकटीसाठी काय गॅस पेटवायचा, संधे. सवयीनं दोन वाट्या तांदूळ हातात येतो. परत डब्यात टाकला की भूकच जाती. ते कागद लिव्हले ना तुझ्यासाठी, तवा मला लई भूक लागायची. वरणफळं लिव्हताना तर तोंडाला पाणी सुटलं. उठले, डाळ काढली. ताट घ्यायला हात घातला, एकच ताट. परत ठेवलं."

मिथुन दाराकडं बघत उभा होता. तो हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही अंबडला चला आमच्यासोबत."

"दोन खोल्यांत? तुमचं भांडण कुठं करता मंग? न्हाई. हे घर माझं हाय, मी बांधलंय. पाहुणी म्हणून येईन, राहायला येणार न्हाई." आणि हे तिनं असं सांगितलं की पुढं कोणी आग्रह केला नाही.

संध्यानं ओढणी कमरेला बांधली. "ठीक. आज स्वयंपाक मी करते. तू बसायचं, काही सांगायचं न्हाई."

मिथुन फाट्यावरच्या किराणा दुकानातून ताजी कणीक घेऊन आला. डाळ घरात होती. संध्यानं ती मुठीनं घेतली आणि किती घेतली ते तिला शिजल्यावर कळलं. पातेलं काठापर्यंत आलं. मावशीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. फोडणीत जिरं तडतडलं, लसूण लाल झाला, कढीपत्ता पडला आणि तो वास दोन्ही खोल्यांत, मग दाराबाहेर गेला. संध्या एकेक फळ उकळत्या डाळीत सोडत होती. यावेळी कणीक घट्ट होती.

तेवढ्यात दारात बायनाबाई आली.

बायनाबाई पलीकडच्या घरातली, भिंतीला भिंत लागून. वयानं मावशीहून थोडी मोठी. तिच्या घरी पूर्वी मेंढ्या होत्या, आता थोडी शेती आणि मजुरी. मुलगा आदिनाथ आणि सून वर्षाराणी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची, ती उन्हाळा लागताना परतायची. तोपर्यंत म्हातारी एकटीच घर राखायची.

संध्या लहानपणापासून तिला काकू म्हणायची. पोळ्याला काकूंकडून पुरणपोळी यायची, दिवाळीला लाडू. मावशी ते भांडं घासून, त्यात साखर नाहीतर मूठभर कोथिंबीर घालून परत द्यायची. शिजवलेलं कधीच नाही. याचा अर्थ संध्याला कॉलेजात गेल्यावर कळला. मावशीला विचारलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं होतं की एकदा, प्लॉटवर नवीन राहायला आल्यावर, तिनं खीर दिली होती आणि ती तशीच परत आली होती.

"आत्ता वास आला," बायनाबाई उंबऱ्यापाशी टेकत म्हणाली. "महिना झाला, ह्या घरातून फोडणीचा वास न्हाई. रोज सकाळी बघते, बाई उठली का न्हाई. दार उघडलं की म्हणते, हाय जिती. संधे, कधी आलीस? हे जावई का?"

"हो काकू. आत या ना."

"हितंच बरी."

संध्यानं चार ताटं काढली आणि मग तिच्या लक्षात आलं की चौथं काढताना तिनं विचारच केला नव्हता. ती मावशीकडं बघत राहिली. मावशीनं पळी हातात घेतली, तीन ताटांत वाढलं आणि चौथ्यावर हात थांबला. ती पळी तशीच पातेल्यावर धरून उभी राहिली.

बायनाबाईनं पदर सारखा केला. "मला न्हाई का वाढीत?"

"तू खाशील?" मावशीनं तिच्याकडं न बघता विचारलं.

"भूक लागलीय. सकाळची भाकर कोरडी पडलीय घरात. दात न्हाईत, ती चावंना."

"मी दिलेली खीर परत आल्ती, बायना."

"सासू व्हती तवा. माझ्या हातात काय व्हतं?"

"वाटी तुझ्या हातात व्हती," मावशी म्हणाली. "सासूनं न्हाई आणली. तू आणून दिल्ती. ह्याच उंबऱ्यावर."

बायनाबाईनं मान खाली घातली. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून गेला.

"व्हय," बायनाबाई म्हणाली. "मीच आणली व्हती."

"आणि सासू गेली त्याला किती वर्षं झाली?"

"लई झाली."

"मंग?"

"मंग लाज वाटली. आधी खाल्लं न्हाई, आता कोणत्या तोंडानं मागू? आणि तूबी कधी म्हणली न्हाईस, बायना ये."

"मी का म्हणावं?"

"तू न्हाई म्हणायचं. बराबर हाय तुझं." बायनाबाई भिंतीला हात लावून उठायला लागली. "येते मी. तुम्ही जेवा, गार व्हईल."

संध्याला वाटलं आपण काहीतरी बोलावं. पण हे दोघींचं होतं, तिच्या जन्माआधीपासूनचं. तिनं मिथुनच्या हाताला हात लावून त्यालाही गप्प बसवलं.

"बस," मावशी म्हणाली. "उठू नको. वाटी घेतीस का ताट?"

बायनाबाई अर्धवट उठलेली तशीच थांबली. "ताटच घे."

"मंग आत ये. उंबऱ्यावर वाढत न्हाई मी कोणाला."

बायनाबाई आत आली. चौघं गोल बसले. मावशीनं तिच्या ताटात दोन पळ्या वाढल्या, वर चमचाभर तूप घातलं. बायनाबाईनं एक फळ बोटांनी दाबून पाहिलं, तोंडात टाकलं आणि हळूहळू खाल्लं. संध्याचं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडं होतं.

"मीठ कमी हाय," बायनाबाई म्हणाली.

"पोरीनं केलंय," मावशी म्हणाली. "खा गुमान."

मिथुनला हसू आवरेना. मावशी खाली मान घालून जेवत होती. तिनं पहिलं ताट संपवलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. संध्यानं ते पाहिलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं आतल्या खोलीत गेली. तिथं तिनं डोळे पुसले.

सिलिंडर मोटारसायकलला बांधताना तिनं मावशीला बजावलं, "आता फोनवर खोटं बोलायचं न्हाई. खाल्लं न्हाई तर न्हाई म्हणून सांगायचं."

"सांगते."

"आणि आज मटकी भिजत घाल. सोमवारी उसळ हाय."

"मला शिकव तू," मावशी म्हणाली. पण तिच्यासमोरच ती मटकीचा डबा शोधायला लागली.

दुसऱ्या आठवड्यात फोनवरचं बोलणं बदललं. आधी संध्या बोलायची, मावशी ऐकायची. आता मावशीच सांगत राहायची. सोमवारी म्हणाली, "आली व्हती बायना. येताना स्वतःचं ताट घेऊन आली. मला लागलं ते. म्हणलं, हे काय? माझ्या घरात ताटं न्हाईत का? तर म्हणती, भाकरी झाकून आणायला ताट आणलंय. खरंच भाकरी व्हत्या त्यात. आता खरं काय ते तिचं तिला ठाव."

"मंग?"

"मंग काय. भाकरी काढून घेतल्या, तिचं ताट बाजूला ठेवलं आणि माझ्या ताटात वाढलं. खाल्लं तिनं."

मंगळवारी मेथीत मिरची जास्त पडली म्हणून दोघींचं वाजलं. बुधवारी बायनाबाई आलीच नाही. मावशीनं दाण्याची आमटी केली, भात लावला आणि वाट बघितली. तिकडं बायनाबाईच्या घरी तिच्या दिरांकडचे पाहुणे आले होते. मोठमोठ्यानं बोलण्याचे आवाज भिंतीतून येत होते. पण कोणी दार वाजवलं नाही.

"पाहुण्यांसमोर आली न्हाई," मावशी फोनवर म्हणाली. "आपण काय समजायचं ते समजावं."

संध्यानं लगेच विचारलं, "मंग तू जेवलीस का?"

"जेवले."

"खरं सांग."

"खरं. केलं व्हतं, गरम व्हतं. आधी ताट घेतलं, परत ठेवलं, परत घेतलं. मंग म्हणलं, ती आली न्हाई म्हणून मी का उपाशी राहू? बसून पोटभर जेवले. आमटी चांगली झाल्ती."

गुरुवारी सकाळी पाहुणे गेले आणि दुपारीच बायनाबाई दारात आली. ती काल न येण्याबद्दल काही बोलली नाही, मावशीनं विचारलंही नाही. ती फक्त म्हणाली, "गुरुवारी मी अंडं खात न्हाई, गिरिजा. तुझ्या कागदात काय हाय आज?"

"अंडंच हाय."

"मंग उद्याचं आज कर. अंडं उद्या."

मावशीनं संध्याला फोन करून वार बदलल्याचं सांगितलं. कोर्टात साक्ष नोंदवणं चालू होतं, म्हणून संध्यानं बाहेर व्हरांड्यात येऊन ते ऐकलं आणि संध्याकाळी मिथुनला निरोप पाठवला की आज अंडी आणू नका, ताक आणा. तिला काही बदलायची गरज नव्हती. तरी तिनं बदललं.

त्याच रात्री जेवताना मिथुन म्हणाला, "पुढच्या सोमवारपासून काय? कागद तर संपला उद्या."

संध्यानं विचार केला. "शेपू घेऊ बाजारातून, मूगडाळ घालून. अर्धी डाळ मंगळवारला ठेवू." बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की तिनं हे कुणाला विचारलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला ऊसतोडीची माणसं परतली. आदिनाथ आणि वर्षाराणी आली, बायनाबाईचं घर भरलं. संध्याला त्याचीच धास्ती होती. शनिवारी ती वडीगोद्रीला गेली. मावशी सावलीत बसून ज्वारी निवडत होती. तिच्या बाह्या आता तितक्या सैल नव्हत्या.

"काकू येतात का अजून?"

"रोज कशी येईल? सून हाय, तिच्या हातचं खाती. मंगळवारी येती आणि कधी मधेच, सुनेशी बिनसलं की." मावशी सुपातले खडे बाजूला काढत होती. "वर्षाराणी आली व्हती परवा. वाटीत कालवण घेऊन. म्हणली, सासूबाई म्हणल्या देऊन ये. मी वाटी घासली आणि आपल्या भाजीची भरून दिली. घेऊन गेली. तशीच परत न्हाई आली वाटी अजून."

"काही म्हणाली का?"

"न्हाई. काय म्हणायचंय?"

"आणि बाकीच्या दिवशी तू काय करतीस?"

"एका वाटीचा अंदाज यायला लई दिवस लागले. आधी रोज उरायचं. आता बराबर होतं." मावशीनं सूप झटकलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "बस तू. वांगी आणलीत सकाळी. तू चिर, मी पीठ मळते."